पार्किंगचा फलक एक, उत्तरं पाच: विमानतळावर गाडी लावल्यावर बिल नेमकं किती यायला हवं?

वीकेंडला बाहेरगावी जायचं, गाडी विमानतळावरच्या पार्किंगमध्ये लावायची आणि परत आल्यावर घेऊन घरी जायचं. अनेकजण हल्ली असंच करतात. निघण्याआधी कुणीतरी ग्रुपवर दरफलकाचा स्क्रीनशॉट टाकतं आणि विचारतं, "तीन रात्री ठेवली तर किती होतील?" मग उत्तरं येतात. एकजण म्हणतो बाराशे, दुसरा म्हणतो दोन हजार, तिसरा थेट अडीच हजारांच्या पुढे जातो. गंमत अशी, की सगळे एकाच फलकाकडे बघत असतात.

इथे प्रत्येकाचं गणित चुकलेलं असतंच असं नाही. तासांचे टप्पे आणि दिवसाची कमाल मर्यादा एकाच फलकावर आली की तो फलक एकापेक्षा जास्त प्रकारे वाचता येतो. त्यात आता पार्किंगचे पैसे फास्टॅगमधून परस्पर कापले जाऊ लागले आहेत. हैदराबाद विमानतळावर २०१९ मध्येच फास्टॅगने पार्किंगचे पैसे देण्याची सोय आली होती. अशा ठिकाणी खिडकीवरच्या माणसाला "एवढे कसे झाले?" असं विचारायची वेळच येत नाही. बॅरिअर वर जातो, गाडी बाहेर पडते आणि रक्कम मेसेजमध्ये दिसते. ती रक्कम बरोबर आहे का, हे तपासायचं असेल तर हिशोब स्वतःलाच यायला हवा.

तो कसा करायचा, हे एका उदाहरणातून समजून घेऊया.

फलकावर काय लिहिलेलं असतं?

उदाहरणासाठी एक फलक घेऊ. यातले आकडे कोणत्याही एका विमानतळाचे नाहीत, हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेले आहेत. रचना मात्र अशा फलकांवर नेहमी दिसते तशीच आहे.

- चारचाकी, ३० मिनिटांपर्यंत: १०० रुपये
- ३० मिनिटं ते २ तास: १५० रुपये
- त्यापुढील प्रत्येक तास किंवा त्याचा भाग: ५० रुपये
- २४ तासांसाठी कमाल: ५०० रुपये

आता गाडीची वेळ बघू. गाडी शुक्रवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी आत गेली आणि रविवारची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे सोमवारी पहाटे १ वाजता बाहेर आली.

पहिलं काम म्हणजे एकूण वेळ काढणं. शुक्रवार ९.४० ते रविवार ९.४० हे झाले बरोबर दोन दिवस, म्हणजे ४८ तास. रविवार रात्री ९.४० ते सोमवारी पहाटे १ हे आणखी ३ तास २० मिनिटं. एकूण वेळ झाली ५१ तास २० मिनिटं.

बऱ्याच जणांची पहिली गडबड इथेच होते. "शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार" असं बोटांवर मोजलं की चार दिवस होतात. "तीन रात्री" म्हटलं की तीन होतात. प्रत्यक्षात गाडी दोन दिवस आणि वर काही तास उभी होती. म्हणून आधी प्रवेशाची वेळ, बाहेर पडण्याची वेळ आणि त्यामधले तास कागदावर मांडायचे. दर त्यानंतर बघायचे.

टप्पा म्हणजे बेरीज की एकच रक्कम?

वीजबिलाची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. घरगुती वीजबिलात पहिल्या १०० युनिटना एक दर आणि १०१ ते ३०० युनिटना दुसरा दर लागतो. वापर १२० युनिट झाला तर पहिल्या १०० युनिटना जुनाच दर राहतो आणि वाढलेला दर फक्त वरच्या २० युनिटना लागतो. मग दोन्हींची बेरीज होते. प्राप्तिकराचे टप्पेही याच पद्धतीने चालतात.

पार्किंगच्या फलकावरचे सुरुवातीचे टप्पे साधारणपणे असे चालत नाहीत. '३० मिनिटं ते २ तास: १५० रुपये' याचा अर्थ, गाडी दीड तास उभी राहिली तर एकूण १५० रुपये. पहिल्या अर्ध्या तासाचे १०० आणि त्यावर १५० असे मिळून २५० नाहीत. गाडी ज्या टप्प्यात बाहेर पडली, त्या टप्प्यासमोरची रक्कम हीच संपूर्ण रक्कम असते.

बेरीज सुरू होते ती 'त्यापुढील प्रत्येक तास' या शब्दांपासून. हे शब्द दिसले, की वरच्या रकमेत भर घालत जायचं. गाडी ४ तास उभी राहिली तर पहिल्या २ तासांचे १५० आणि पुढच्या २ तासांचे १००, असे मिळून २५० रुपये होतात.

'किंवा त्याचा भाग' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. त्यांचा अर्थ, तास अर्धवट झाला तरी पूर्ण धरला जाणार. ४ तास ५ मिनिटं झाली तर पुढचे तास २ नाही, ३ धरायचे. रक्कम ३०० रुपये होते. शेवटच्या पाच मिनिटांनी ५० रुपये वाढवले. म्हणून इथे नेहमीसारखं जवळच्या पूर्ण आकड्यात बदलायचं नाही, कायम वरच्याच आकड्याकडे जायचं.

कमाल मर्यादा कधी लागू होते?

२४ तासांची मर्यादा ५०० रुपये आहे. सुरुवातीचे १५० वजा केले तर ३५० उरतात, म्हणजे प्रत्येकी ५० रुपयांचे ७ तास. २ अधिक ७, म्हणजे नवव्या तासाला रक्कम ५०० वर पोहोचते. पण अर्धवट तास पूर्ण धरला जातो, त्यामुळे ८ तासांवर एक मिनिट झालं तरी ५०० रुपये होतात.

त्यानंतर गाडी १० तास राहो किंवा २३ तास, रक्कम ५०० वरच थांबते. याला इंग्रजीतून आलेला 'डेली कॅप' हा शब्द वापरतात. ही मर्यादा सवलतीसारखी वाटली, तरी ती फक्त जास्त वेळ राहणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. ५ तास गाडी लावणाऱ्याला तिचा काहीच फायदा नाही. त्याचे होतात १५० आणि ३ तासांचे १५०, असे ३०० रुपये.

मर्यादा विसरली तर काय होतं, तेही बघू. ५१ तास २० मिनिटांतून पहिले २ तास काढले तर ४९ तास २० मिनिटं उरतात. ती ५० तास धरली, तर ५० गुणिले ५० म्हणजे २,५०० रुपये. त्यात पहिले १५० मिळवले की २,६५० रुपये होतात. ग्रुपवर अडीच हजारांच्या पुढे जाणारा आकडा येतो तो इथून. फलकावर मर्यादा छापलेली असताना हे उत्तर चूकच आहे. इतर उत्तरांच्या बाबतीत मात्र असं पटकन म्हणता येत नाही.

'२४ तास' आणि 'दिवस' यांत फरक काय?

सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे. मर्यादेचं घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी शून्यावर येतं, याची दोन उत्तरं असू शकतात.

पहिल्या पद्धतीत घड्याळ गाडी आत गेल्यापासून चालतं. शुक्रवार ९.४० ते शनिवार ९.४० हे पहिले २४ तास, शनिवार ९.४० ते रविवार ९.४० हे दुसरे. प्रत्येकी ५०० प्रमाणे १,००० रुपये झाले. उरले ३ तास २० मिनिटं. ही नवी फेरी मानली तर तिला पहिल्यापासून टप्पे लागतात. पहिल्या २ तासांचे १५०, उरलेल्या १ तास २० मिनिटांचे २ तास धरून १००. म्हणजे २५०. एकूण रक्कम १,२५० रुपये.

काही ठिकाणी नवी फेरी पहिल्यापासून मोजत नाहीत. तिथे २४ तासांनंतरचा वेळ 'पुढील तास' या दरानेच चालू राहतो. मग ३ तास २० मिनिटांचे ४ तास धरून २०० रुपये होतात आणि एकूण रक्कम १,२०० रुपये.

दुसऱ्या पद्धतीत घड्याळ मध्यरात्री शून्यावर येतं, म्हणजे कॅलेंडरचा दिवस धरतात. शुक्रवारी ९.४० ते १२ ही २ तास २० मिनिटं, त्यांचे १५० अधिक ५०, म्हणजे २००. शनिवार पूर्ण, ५००. रविवार पूर्ण, ५००. सोमवारी १२ ते १ हा एक तास दुसऱ्या टप्प्यात बसतो, त्याचे १५०. एकूण रक्कम १,३५० रुपये.

तिसरी शक्यता म्हणजे तासांचे दर फक्त पहिल्या दिवसापुरते असणं. त्यापुढे 'प्रत्येक दिवस किंवा त्याचा भाग ५०० रुपये' असा नियम लागतो. मग उरलेल्या ३ तास २० मिनिटांसाठीही पूर्ण ५०० द्यावे लागतात. २४ तासांच्या हिशोबाने तीन दिवस धरले जातात आणि रक्कम १,५०० रुपये होते. कॅलेंडरच्या हिशोबाने शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस धरले, तर २,००० रुपये.

म्हणजे गाडी तीच, वेळ तीच, ५०० ची मर्यादाही तीच. तरीही उत्तरं पाच: १,२००, १,२५०, १,३५०, १,५०० आणि २,०००.

आपण घेतलेल्या फलकावर '२४ तासांसाठी कमाल' असे शब्द आहेत. त्यामुळे मध्यरात्रीचा हिशोब इथे बसत नाही. १,३५० आणि २,००० ही दोन उत्तरं बाद होतात. 'किंवा त्याचा भाग' हे शब्द तासासमोर आहेत, २४ तासांसमोर नाहीत. म्हणून १,५०० साठीही फलकात आधार नाही. उरतात १,२०० आणि १,२५०. या दोघांमध्ये कोणतं बरोबर, हे फलकावरच्या चार ओळींवरून ठरत नाही. त्यासाठी खालची बारीक अक्षरातली ओळ किंवा वेबसाइटवरच्या अटी बघाव्या लागतात. तरीही वादाचा विषय आता फक्त ५० रुपयांवर आला. आधी तो आठशे रुपयांचा होता.

फलकावर 'प्रतिदिन कमाल ५०० रुपये' एवढंच लिहिलेलं असतं, तर पाचही उत्तरं उभी राहिली असती. 'दिवस' या शब्दाचा अर्थ फलक लावणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. गाडी लावण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: "दिवस म्हणजे गाडी आत आल्यापासून २४ तास, की रात्री बारापर्यंत?"

जीएसटीमुळे आकडा कसा बदलतो?

पार्किंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. काही फलकांवरचे दर हा कर धरून असतात, काहींवर 'कर वेगळा' अशी ओळ असते. ही ओळ बहुतेक वेळा सगळ्यात खाली असते आणि स्क्रीनशॉट काढताना नेमकी तीच कापली जाते.

आपल्या उदाहरणात रक्कम १,२५० धरली आणि कर वेगळा असेल, तर १,२५० चे १८ टक्के म्हणजे २२५ रुपये. एकूण १,४७५ रुपये कापले जातील.

आता हा आकडा १,५०० च्या किती जवळ आहे, ते बघा. ज्याच्या मेसेजमध्ये १,४७५ आले, त्याला वाटू शकतं की आपल्याला तीन दिवसांचे पैसे लावले आणि २५ रुपयांची कुठलीतरी सूट दिली. प्रत्यक्षात दोन दिवस आणि वरच्या तासांचा हिशोब करून त्यावर कर लावलेला आहे. म्हणून मेसेजमधल्या रकमेची फलकाशी थेट तुलना करू नये. आधी त्यातला कर बाजूला काढावा.

तो काढायचा सोपा मार्ग म्हणजे एकूण रकमेला १.१८ ने भागणं. १,४७५ भागिले १.१८ बरोबर १,२५०. भागाकार फलकाच्या दरांमध्ये बसणारा पूर्ण आकडा आला, तर कर वेगळा लावला आहे असं समजायला हरकत नाही. उत्तर १,०५९.३२ सारखं विचित्र आलं, तर दर कर धरूनच असावेत. कारण करासह १,२५० रुपये घेतले, तर त्यातली मूळ रक्कम १,०५९ रुपये ३२ पैसे आणि कर १९० रुपये ६८ पैसे होतो.

मर्यादेच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. '२४ तासांसाठी कमाल ५०० रुपये' आणि कर वेगळा, याचा अर्थ खिशातून ५९० जाणार. 'कमाल' हा शब्द वाचून ५०० च्या वर काही लागणारच नाही, असं धरणाऱ्याला हे ९० रुपये जास्त घेतल्यासारखे वाटतात.

स्क्रीनशॉटमध्ये काय सुटतं?

फलकासमोर उभं राहून वाचणं आणि त्याचा फॉरवर्ड झालेला फोटो वाचणं, यात फरक आहे. हिशोब कितीही नीट केला तरी फोटोच चुकीचा असेल तर उपयोग नाही. चार गोष्टी आधी बघाव्यात.

पहिली, दर कधीपासूनचे आहेत. फलकावर 'या तारखेपासून लागू' अशी ओळ असेल तर ती फोटोत आली आहे का? दर बदलतात, जुना फोटो मात्र ग्रुपवर फिरत राहतो. विमानतळाच्या किंवा मॉलच्या अधिकृत वेबसाइटवरचे दर एकदा पडताळून घेतलेले बरे.

दुसरी, हा फलक कोणत्या जागेचा आहे. मुंबईसारख्या विमानतळावर एकापेक्षा जास्त टर्मिनल आहेत. एकाच आवारात टर्मिनलला लागून असलेलं पार्किंग आणि थोडं दूरचं पार्किंग यांचे दर वेगळे असू शकतात. फोटो एका जागेचा आणि गाडी दुसऱ्या जागी, असं झालं तर हिशोब जुळणार नाही.

तिसरी, वाहनाचा प्रकार. दुचाकी, चारचाकी आणि टॅक्सी यांचे रकाने शेजारीशेजारी असतात. फोटो झूम करून बघताना नजर एका रकान्यातून दुसऱ्यात सरकते.

चौथी, अटी. 'पहिली १० मिनिटं मोफत' असं लिहिलं असेल, तर याचे दोन अर्थ निघतात. १० मिनिटांत बाहेर पडणाऱ्याला काही लागत नाही, हा एक. प्रत्येकाच्या एकूण वेळेतून १० मिनिटं वजा होतात, हा दुसरा. ११ मिनिटं थांबलेल्या गाडीला दोन्ही अर्थांनी पहिल्याच टप्प्याचे पैसे लागतात, त्यामुळे फरक कळत नाही. पण २ तास ५ मिनिटं थांबलेल्या गाडीला पहिल्या अर्थाने २०० रुपये लागतात आणि दुसऱ्या अर्थाने १५०.

अटींमुळे हिशोब किती बदलतो, याचं ठळक उदाहरण तेलंगणात आहे. तिथल्या सरकारने मार्च २०१८ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सच्या पार्किंगबद्दल आदेश काढला. त्यानुसार पहिली ३० मिनिटं सगळ्यांना मोफत. ३० मिनिटं ते एक तास थांबलेल्याने तिथल्या खरेदीचं बिल दाखवलं, तर तेही मोफत. एका तासाच्या वर थांबलेल्याचं खरेदीचं बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्त असेल, तरीही पैसे लागत नाहीत. म्हणजे इथे किती वेळ थांबला याच्या जोडीला खरेदीचं बिलही हिशोबात येतं. पार्किंगचे ४० रुपये झाले आणि हातात ३०० रुपयांच्या खरेदीचं बिल असेल, तर द्यायचे शून्य. बिल फेकून दिलं असेल, तर ४०.

घड्याळ नेमकं कुठे चालू होतं आणि कुठे थांबतं?

५१ तास २० मिनिटं हा आकडा माणसाच्या आठवणीतून आला, तर तो पार्किंगच्या यंत्रातल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. यंत्राच्या दृष्टीने प्रवेशाची वेळ म्हणजे आतल्या बॅरिअरवर तिकीट निघाल्याची किंवा फास्टॅग वाचला गेल्याची वेळ. गाडी जागेवर लावून बंद केल्याची वेळ नव्हे. बाहेर पडण्याची वेळही बाहेरच्या बॅरिअरवरची धरतात. सामान घेऊन गाडीपर्यंत चालत जाणं आणि बाहेर पडण्याच्या रांगेत थांबणं, हे सगळं त्यात येतं.

टप्प्याच्या कडेवर असताना याने फरक पडतो. आपल्या उदाहरणातली गाडी पहाटे १ ऐवजी १.४२ ला बाहेर आली असती, तर ४८ तासांवर ४ तास २ मिनिटं झाली असती. मग १५० अधिक ३ तासांचे १५०, म्हणजे ३०० रुपये. एकूण रक्कम १,२५० वरून १,३०० वर गेली असती. यातली शेवटची दोन मिनिटं रांगेतली असू शकतात.

काही मॉलमध्ये आधी आतल्या मशीनवर पैसे भरायचे आणि नंतर ठराविक मिनिटांत बाहेर पडायचं असतं. तिथे घड्याळ पैसे भरल्यावर थांबतं. पण दिलेली मिनिटं उलटून गेली, की पुन्हा चालू होतं. पावतीवर ही मिनिटं छापलेली असतील तर ती आधी वाचावीत.

रक्कम जास्त वाटली तर काय करायचं?

आधी बिल मागायचं. फास्टॅगचा किंवा यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे, त्यात फक्त कापलेली रक्कम असते. बिलावर प्रवेशाची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, मूळ रक्कम, कर आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक बघायचा. दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल मागताना संकोच करायचं कारण नाही.

बिल हातात आलं, की हिशोब या क्रमाने करायचा. दोन वेळांमधले तास मोजायचे. त्यातले पूर्ण २४ तासांचे गट वेगळे काढून प्रत्येकाला कमाल रक्कम लावायची. उरलेल्या तासांना फलकावरचे टप्पे लावायचे, अर्धवट तास पूर्ण धरायचा. ही उरलेल्या तासांची रक्कम कमाल मर्यादेच्या वर गेली, तर मर्यादेवरच थांबवायची. शेवटी कर वेगळा असेल तर तो लावायचा.

एवढं करूनही फरक राहिला, तर तो किती आहे यावरून कारण बऱ्याचदा ओळखता येतं. फरक ५० रुपयांचा असेल, तर वाद एका तासाचा आहे, बहुधा बॅरिअरवरच्या मिनिटांचा. फरक बरोबर १८ टक्के असेल, तर तो कर आहे. शंभर-दीडशेचा असेल, तर मध्यरात्री घड्याळ शून्यावर आणलं आहे का, ते बघावं. अडीचशेचा असेल, तर उरलेल्या तासांना पूर्ण दिवस धरलं आहे. फरक याहून बराच मोठा असेल, तर मर्यादाच लावलेली नाही किंवा प्रवेशाची वेळ चुकीची नोंदली गेली आहे.

पार्किंग चालवणाऱ्याकडे तक्रार करताना फक्त "जास्त पैसे घेतले" असं न लिहिता दोन्ही वेळा, फलकाचा स्वतः काढलेला पूर्ण फोटो आणि आपला चार ओळींचा हिशोब द्यावा. पैसे फास्टॅगमधून गेले असतील, तर टॅग देणाऱ्या बँकेकडेही चुकीच्या कपातीची तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि हे सगळं सोपं व्हायचं असेल, तर आत जाताना दोन फोटो काढून ठेवायचे. एक तिकिटाचा किंवा प्रवेशाच्या मेसेजचा आणि दुसरा दरफलकाचा, सगळ्यात खालच्या बारीक ओळीसकट.